अरबी पुरवठादाराने पाठवलेल्या फोटो-बिलावर हरकत घेतली की मेल अडकतो: चूक कुठे शोधायची आणि काय पाठवायचं

परिस्थिती ओळखीची आहे. पुरवठादार कागदी बिलाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतो. बिल अरबीत, बरंचसं हाताने लिहिलेलं. आपण ते कुणाकडून तरी भाषांतर करून घेतो, ओळींचा तक्ता बनवतो, आपल्या ऑर्डरशी ताडतो आणि दोन-तीन ओळींवर हरकत घेऊन तक्ता जोडून मेल पाठवतो. समोरून एका ओळीचं उत्तर येतं, ‘बिल बरोबर आहे.’ किंवा काहीच येत नाही. आपण तोच मेल थोड्या कडक शब्दांत पुन्हा पाठवतो. पुढच्या महिन्यात नवं बिल आणि तेच रामायण.

अशी अडकलेली प्रकरणं उघडून पाहिली की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. घेतलेल्या हरकतींपैकी एखादी खरी असते आणि बाकीच्या आपल्याच तक्त्यात तयार झालेल्या असतात. पुरवठादाराचा हिशेबनीस पहिली हरकत बघतो, ती त्याच्या कागदाशी जुळत नाही, आणि तिथेच तो मेल बंद करतो. खरी हरकत तिसऱ्या क्रमांकावर असली तर तिथपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून मेलची भाषा सुधारण्याआधी तक्ता तपासायचा.

आकडा नीट वाचला आहे का

अरबी बिलात आकडे दोन प्रकारे येतात. छापील बिलात बऱ्याचदा आपले नेहमीचे इंग्रजी आकडे असतात, तिथे अडचण नाही. हाताने लिहिलेल्या बिलात मात्र बहुधा पूर्व अरबी आकडे असतात, आणि मराठी वाचणाऱ्या डोळ्याला ते खास फसवतात, कारण त्यांतले काही देवनागरी आकड्यांसारखे दिसतात पण किंमत वेगळी असते.

सगळ्यात घातक ‘٥’. दिसतो देवनागरी शून्यासारखा, पण तो पाच आहे. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका, ‘٠’. त्यानंतर ‘٩’, जो घाईत आपल्या एकासारखा वाटतो, पण तो नऊ. ‘٤’ हा चार आहे आणि आपल्या सहाच्या वळणावर जातो. खरा सहा ‘٦’ असा लिहितात, तो इंग्रजी सातासारखा दिसतो. सात आणि आठ एकमेकांचे उलटे: ‘٧’ म्हणजे सात, ‘٨’ म्हणजे आठ. फोटो उलटा धरून वाचला तर हे दोन सरळ अदलाबदल होतात.

हस्ताक्षरात आणखी एक भानगड आहे, आणि बऱ्याच खोट्या हरकती तिच्यातूनच येतात. छापील दोन ‘٢’ला वर एक खाच असते, छापील तीन ‘٣’ला दोन. पण हाताने लिहिताना बरेच लोक तीनाला एकच खाच देतात, म्हणजे तो छापील दोनासारखा दिसतो, आणि दोनाचा माथा सपाट किंवा वळलेला काढतात. छापील आकडे शिकून आलेला माणूस हस्ताक्षरातले दोन आणि तीन हमखास उलटे वाचतो. उपाय सोपा आहे: त्याच बिलात जिथे आकडा नक्की माहीत आहे अशी जागा शोधा, उदाहरणार्थ तारीख किंवा ओळींचे अनुक्रमांक. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीपुढे त्याने स्वतः दोन आणि तीन कसे लिहिलेत ते दिसेल. त्या हाताची लिपी तिथेच कळते.

आकड्याच्या आतली दिशा मात्र बदलत नाही. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण आकड्यातला सगळ्यात मोठा अंक आपल्यासारखाच डावीकडे असतो. बदलते ती रकान्यांची दिशा. अनुक्रमांक अगदी उजवीकडे, मग मालाचं नाव, एकक, नग, दर, आणि एकूण रक्कम अगदी डावीकडे. डावीकडून उजवीकडे उतरवून घेणारा माणूस रक्कम ‘नग’मध्ये टाकतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

दशांशाचं वेगळंच. कुवेतचा दिनार, बहारीनचा दिनार आणि ओमानचा रियाल यांचे हजार भाग होतात, शंभर नव्हे. म्हणून त्या बिलांत दशांशानंतर तीन अंक येतात. दशांशाची खूण ‘٫’ अशी, स्वल्पविरामासारखी असते. ७१ दिनार ५०० फिल्स ही रक्कम कुणी शीटमध्ये स्वल्पविराम देऊन भरली की ती एकाहत्तर हजार पाचशे होते. छापील बिलबुकात दिनार आणि फिल्स यांचे दोन वेगळे उभे रकाने असतील तर कोणता कुठला हे बाजूवरून ठरवू नका, वरचं शीर्षक वाचा: ‘دينار’ म्हणजे दिनार, ‘فلس’ म्हणजे फिल्स.

गुणाकाराची चाळणी

एक बिल घेऊ. कुवेतमधला नळजोडणीच्या सामानाचा पुरवठादार, बिल पाच ओळींचं, रकमा कुवेती दिनारमध्ये. भाषांतरानंतर आपल्या हातात हा तक्ता आला:

| ओळ | माल | नग | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|
| १ | एल्बो | २४ | ०.३५० | ८.४०० |
| २ | कपलिंग | ५० | ०.२२५ | ११.२५० |
| ३ | व्हॉल्व, १ इंच | ३६ | २.७५० | ७१.५०० |
| ४ | पाइप, मीटर | ४० | १.६५० | ६६.००० |
| ५ | टेफ्लॉन टेप | ५ | १.८०० | ९.००० |

बिलाच्या तळाशी एकूण १६६.१५० दिनार. आपल्या ऑर्डरमध्ये व्हॉल्व २६, पाइपचा दर १.५००, आणि टेप ६० नग, प्रत्येकी ०.१५०. साहजिकच तीन हरकती निघतात: दहा व्हॉल्व जास्त लावले म्हणजे २७.५००, पाइपचा दर वाढवला म्हणजे ६.०००, आणि टेपचा दर बारापट, ५ नगांचे ०.७५० व्हायला हवे तिथे ९.००० म्हणजे ८.२५०. बेरीज ४१.७५० दिनार. एवढ्या रकमेचा मेल तावातावाने जातो.

आता मेल बाजूला ठेवा आणि प्रत्येक ओळीत नग गुणिले दर करा. पहिली जुळते, दुसरी जुळते. तिसरीत ३६ × २.७५० = ९९.०००, पण बिलात ७१.५०० आहेत. इथे लगेच ‘यांना गुणाकार येत नाही’ म्हणायचं नाही. रक्कम भागिले दर करून पाहा. ७१.५०० ÷ २.७५० = २६, बरोबर पूर्णांक. आणि २६ व ३६ यांत फरक फक्त दोन-तीनाचा, म्हणजे हस्ताक्षरात घोळ होणाऱ्याच जोडीचा. दुकानदाराने २६च लिहिले होते, उतरवून घेताना ३६ झाले. हरकत संपली.

याचा नियम असा करता येतो. गुणाकार जुळत नसेल तर रक्कम आणि दर खरे धरून नग काढा, मग रक्कम आणि नग खरे धरून दर काढा. उत्तर स्वच्छ आलं आणि ते आपल्या वाचनापेक्षा एकाच फसव्या अंकाने वेगळं असलं (दोन-तीन, शून्य-पाच, सात-आठ, चार-सहा, एक-नऊ) तर चूक वाचनाची. कोणत्याही अदलाबदलीने जुळत नसेल तरच ती पुरवठादाराची गुणाकाराची चूक म्हणून मांडायची.

पाचवी ओळ गुणाकाराने अडत नाही. ५ × १.८०० = ९.०००, चोख. अडचण भाषांतरातून गळालेल्या रकान्याची आहे: एकक. फोटोत मालाच्या नावाशेजारी बारीक अक्षरात ‘درزن’ लिहिलं होतं, म्हणजे डझन. बाकीच्या ओळींत, पाइप सोडून, ‘حبة’ होतं, आखातात नगाला तोच शब्द लिहितात. ५ डझन म्हणजे ६० नग, आणि १.८०० ÷ १२ = ०.१५०. ऑर्डरशी तंतोतंत जुळतं. दर ठरलेल्या दराच्या बरोबर बारापट दिसला की आधी एककाकडे बघा. चोवीस, पन्नास, शंभर अशी गोल पटीची गोष्ट दिसली तरी तेच, तिथे बहुधा कार्टन किंवा पाकिटाचा दर असतो.

उरली चौथी ओळ. ४० × १.६५० = ६६.०००, जुळते. पण दर वाचण्यातच चूक असेल तर? बिलात खरं तर १.५०० असता तर रक्कम ६०.००० आली असती. रकमेचा रकाना आपण स्वतंत्रपणे वाचलेला आहे, शिवाय तळाची बेरीज आहे: ८.४०० + ११.२५० + ७१.५०० + ६६.००० + ९.००० = १६६.१५०, म्हणजे बिलावरचाच आकडा. ६०.००० धरले तर बेरीज १६०.१५० होईल, जी बिलावर नाही. म्हणजे पुरवठादाराने १.६५० असाच दर लावला आहे. ही हरकत खरी, आणि ती ६.००० दिनारांची आहे.

४१.७५०ची हरकत ६.०००वर आली. रक्कम लहान झाली खरी, पण आता ती कुणी नाकारू शकत नाही.

पाठवण्याआधी एवढंच बघा की ज्या दरपत्रकावरून आपण १.५०० म्हणतो त्याची मुदत डिलिव्हरीच्या तारखेला शिल्लक होती का, आणि तिथला दर त्याच व्यासाच्या, त्याच जाडीच्या पाइपचा, मीटरमागेच होता का. मुदत संपलेली असेल तर ती हरकत न राहता विनंती होते, आणि मेलचा सूर बदलावा लागतो.

जोडलेला तक्ता असा हवा की त्याला बोट ठेवता येईल

आपला तक्ता मराठीत किंवा इंग्रजीत, त्याचं बिल अरबीत. त्याला आपली ‘ओळ ४’ त्याच्या कागदावर कुठे आहे ते शोधावं लागलं तर काम टेबलावर पडून राहतं. म्हणून भाषांतराशेजारी मूळ मजकूर ठेवायचा. प्रत्येक ओळीत बिलावरचा अनुक्रमांक, मालाचं नाव बिलात आहे तसं अरबीत, मग भाषांतर, एकक दोन्ही भाषांत, नग, दर, रक्कम. त्यापुढे फक्त तीन रकाने आपले: ठरलेला दर, त्याप्रमाणे रक्कम, फरक. न जुळणाऱ्या ओळीखाली फोटोतून कापलेली तीच पट्टी चिकटवा. चार शब्द समजावण्यापेक्षा स्वतःच्या हस्ताक्षराची पट्टी दिसली की काम होतं.

आकडे इंग्रजीतच टाइप करा. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि शीटमध्ये देवनागरी आकडे गेले तर मगाचाच घोळ उलट्या दिशेने होतो: आपलं शून्य त्याला पाच दिसतं, आपला एक त्याला नऊ. आणि अरबीतून कॉपी करून चिकटवलेले आकडे शीट बऱ्याचदा मजकूर धरते, बेरीज शून्य येते. रकमेच्या पेशींना `0.000` असं स्वरूप द्या, नाहीतर ६६.०००चे नुसते ६६ उरतात आणि दिनार की हजार असा नवा प्रश्न निघतो.

तक्ता मेलच्या मजकुरात चिकटवू नका, पीडीएफ करून जोडा. मेल उजवीकडून डावीकडे लिहिण्यासाठी मांडलेला असेल तर चिकटवलेल्या तक्त्याचे रकानेच उलटे लागतात. त्याच कारणाने ‘डावीकडचा तिसरा रकाना’ असं कधी लिहायचं नाही. रकान्याला त्याच्या अरबी शीर्षकाने हाक मारा: दर ‘السعر’, नग ‘الكمية’, एकूण ‘الإجمالي’.

मेलमध्ये काय, आणि आकडे उलटे का होतात

एक गंमत मेलमध्येच घडते आणि त्यामुळे बिल सापडत नाही असं उत्तर येतं. बिल क्रमांक समजा 1187-24. अरबी शब्दानंतर त्याच ओळीत तो टाइप केला की पडद्यावर 24-1187 दिसू शकतो. टाइप आपण बरोबरच केलेलं असतं. अरबी अक्षरांमागून येणाऱ्या आकड्यांमधली आडवी रेघ तटस्थ धरली जाते आणि दोन्ही तुकडे उजवीकडून मांडले जातात. तारखेचंही तेच, वर्ष आणि दिवस जागा बदलतात. तिरकी रेघ वापरली तर तारीख एकसंध राहते. बिल क्रमांकात मात्र आपल्याला रेघ बदलता येत नाही, तर तो स्वतंत्र ओळीत एकटा टाका. आधी अरबी शब्द नसला की तो उलटत नाही.

बाकी मेल छोटा. या बिलासाठी मी असा पाठवेन:

```
السلام عليكم ورحمة الله وبركاته
السادة المحترمون،
وصلتنا صورة الفاتورة رقم:
1187-24
مع الشكر. لدينا ملاحظة على البند ٤ فقط.
السعر في الفاتورة: ١٫٦٥٠ د.ك
السعر في عرضكم: ١٫٥٠٠ د.ك
الفرق: ٦٫٠٠٠ د.ك
نرجو إرسال فاتورة معدلة أو إشعار دائن بالفرق.
الترجمة المرفقة للتسهيل فقط، والمرجع هو الأصل.
```

मराठीत याचा आशय: नमस्कारानंतर, अमुक क्रमांकाच्या बिलाचा फोटो मिळाला, आभार. फक्त ओळ ४ बद्दल एक शेरा आहे. बिलातला दर हा, तुमच्या दरपत्रकातला हा, फरक इतका. सुधारित बिल किंवा फरकाची क्रेडिट नोट पाठवावी ही विनंती. सोबतचं भाषांतर सोयीपुरतं आहे, आधार मूळ बिलाचाच.

यातल्या शेवटच्या वाक्यावर माझा फार भर आहे. भाषांतर आपण केलंय, त्यात चूक असू शकते, आणि तसं आधीच लिहिलं की समोरच्याला आपल्या तक्त्यातला एखादा शब्द चुकीचा आहे एवढ्या कारणावर सगळी हरकत फेटाळता येत नाही. ‘शेरा’ हा शब्दही मुद्दाम निवडला आहे. ‘तुमची चूक’ असं थेट लिहिलं की पत्र हिशेबनिसाकडून मालकाकडे जातं, आणि मग प्रश्न सहा दिनारांचा राहत नाही.

मागणी मात्र स्पष्ट हवी. ‘कृपया तपासावे’ एवढंच लिहिलं तर तो तपासतो आणि ‘तपासलं, ठीक आहे’ म्हणतो. सुधारित बिल की क्रेडिट नोट, दोन्हींपैकी एक मागा. आपल्या खात्यात ते बिल आधीच चढवलं असेल तर क्रेडिट नोट सोयीची, नसेल तर नवं बिल. नवं बिल आलं तर जुनं रद्द केल्याचं त्यावर किंवा मेलमध्ये लिहून घ्या, नाहीतर वर्षअखेरीला खातेउताऱ्यात दोन्ही उभी राहतात. वाद नसलेले १६०.१५० दिनार ठरल्या तारखेला देऊ असं आणखी एका ओळीत कळवलं तर तगादा आणि हरकत यांची गल्लत होत नाही.

मेल गुरुवारी दुपारनंतर पाठवून शुक्रवारी उत्तराची वाट बघू नका. कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो.

चाळणी कुठे अपुरी पडते

फोटो दाबून पाठवलेला असेल तर अरबी शून्य, म्हणजे तो ठिपका, आधी जातो. कधी उलटही होतं, कागदावरचा डाग शून्य बनतो. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असं सांगितलं तर मूळ फाइल तशीच येते. कागद सपाट, सावली न पडता, चारही कोपरे दिसतील असा. कोपरे एवढ्यासाठी की बिलबुकाचा छापील क्रमांक बहुधा वरच्या कोपऱ्यात असतो आणि नेमका तोच कापला जातो.

रकमेच्या रकान्यात खाडाखोड असेल, किंवा दर आणि नग दोन्हींत संशयित अंक असतील, तर गुणाकाराला दोन उत्तरं निघू शकतात. तिथे अंदाज बांधून हरकत घेऊ नये. त्या ओळीची पट्टी कापून पाठवा आणि आकडा इंग्रजीत लिहून द्या एवढंच विचारा. प्रश्न विचारणारा मेल वेगळा, हरकतीचा वेगळा. दोन्ही एकात घातले की फक्त प्रश्नाचं उत्तर येतं.

तळाची बेरीज जुळली तरी एक शक्यता उरते: दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून बेरजेआधी ओळीओळीचा गुणाकार, हा क्रम मोडायचा नाही. आणि माल कमी आल्याची हरकत तर बिलावरून सिद्धच होत नाही. तिला सही असलेली डिलिव्हरी नोट लागते. त्या नोटेचाही फोटोच आला असेल तर वर सांगितलेलं आकड्यांचं सगळं तिथेही लागू, फक्त तिथे दर नसतो, त्यामुळे गुणाकाराचा आधारही नसतो. अशा वेळी दोन आणि तीन कसे काढलेत हे त्याच कागदावरच्या अनुक्रमांकांवरून ताडून मगच लिहा.